मॅडमना पाठवायची मेल आणि सोळावा अंक

कनिष्ठ लिपिक, शिक्षण विभाग: ही मेल आमच्या वरिष्ठ मॅडमना पाठवू का?
"आदरणीय मॅडम, तालुक्यांच्या ११ एक्सेल फाइल्स मी दरमहा हाताने एकत्र करतो. घरी पायथन शिकून एक स्क्रिप्ट लिहिली आहे. तरी शिष्यवृत्तीची काही खाती बँकेतून परत येतात. आठवड्यातून अर्धा तास मला मार्गदर्शन कराल का?"

वरिष्ठ लिपिक, लेखा शाखा: अशी पाठवू नका. मॅडमना यातून नेमकं काय करायचं ते कळणार नाही. परत आलेली चार खाती मेलमध्ये द्या. ती १६ अंकी आहेत आणि शेवटी शून्य आहे का, ते आधी बघा. पंजाब नॅशनल बँकेची खाती १६ अंकी असतात आणि एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच जपतं. सोळावा अंक शून्य होतो.

आस्थापना लिपिक: मग पायथन हवंच कशाला? तो कॉलम टेक्स्ट करायचा, विषय संपला.

वरिष्ठ लिपिक, लेखा शाखा: आकडे भरण्याआधी टेक्स्ट केला, तर बरोबर. नंतर केलात तर गेलेला अंक परत येत नाही. पायथनच्या `dtype=str` चंही तेच. फाइलमध्ये शून्य बसलं असेल, तर ते शून्यच वाचणार. बिघाड ओळखायला मात्र स्क्रिप्ट उपयोगी पडते:

```python
import pandas as pd
df = pd.read_excel("taluka.xlsx", dtype=str)
k = df["khate"]
print(k[k.str.len() == 16].str[-1].value_counts())
```

शेवटचे अंक ० ते ९ असे विखुरलेले दिसले तर काळजी नाही. सगळीच शून्यं आली, तर ती यादी पासबुकावरूनच पुन्हा भरावी लागेल.

ग्रामपंचायत अधिकारी: मी कुणालाच न विचारता मॅक्रो लिहिला होता. माझी बदली झाली आणि मागे कुणालाच तो चालवता येईना. मेल आहे तशी आजच पाठवा. मॅडमना निदान ठाऊक तरी असू दे.

वरिष्ठ लिपिक, लेखा शाखा: ठाऊक असावं हे मान्य, पण नुसतं "शिकवा" म्हणून नको. एनईएफटीत रक्कम खाते क्रमांकावरच जमा होते. चुकलेला क्रमांक दुसऱ्या कुणाचा निघाला, तर मुलाचे पैसे तिकडे जातील. मेलची पहिली ओळ हीच हवी.

कनिष्ठ लिपिक: चालवून पाहिलं. एका तालुक्यातली ३८ खाती १६ अंकी आहेत आणि सगळ्यांच्या शेवटी शून्य. दुसऱ्या तालुक्यात अंक विखुरलेले आहेत. मेल बदलतो: या ३८ ओळी जोडतो आणि स्क्रिप्ट तपासायला फक्त २० मिनिटं मागतो. तालुक्याला आधी फोन करू की मॅडमच्या उत्तराची वाट पाहू?

आस्थापना लिपिक: फोन करा. बिल उद्या निघायचं असेल तर?

वरिष्ठ लिपिक, लेखा शाखा: मॅडमना डावलून तालुक्याला फोन नको. टेबलापाशी जा, कागद दाखवा, आणि बिल थांबवायचं का ते त्यांनाच ठरवू द्या.