प्रसादाचा शिरा की महाप्रसादाचा?

कुपवाडकर: बहीण लंडनला असते. तिथल्या मराठी मंडळाचा गणपती येत्या शनिवारी, भाड्याच्या हॉलमध्ये. कोण काय आणणार, असं मंडळानं विचारलं होतं. तिनं कळवलं, "महाप्रसादासाठी ४० जणांचा शिरा आणते, सेवाही देईन." त्यावर उलट प्रश्न, "ताई, नक्की किती आणि कधी?" यात न कळण्यासारखं काय आहे?

गावभागातल्या काकू: न कळण्यासारखंच आहे रे. आपल्या सांगलीकडे महाप्रसाद म्हणजे जेवण. मसालेभात, आमटी, गव्हाची खीर, सगळं ताटात. आरतीनंतर हातावर पडतो तो नुसता प्रसाद. हातावर चमचाभर शिरा पुरतो, माणशी ३५ ग्रॅम धर. पाव किलो रवा, तितकंच तूप, तितकीच साखर आणि पाऊण लिटर दूध घेतलं की चौदाशे ग्रॅमच्या आसपास शिरा होतो, म्हणजे तुझी ४० माणसं झाली. तोच ताटात गोड म्हणून वाढायचा तर माणशी १०० ग्रॅम तरी लागणार. मग रवा पाऊण किलो आणि बाकीचंही तिप्पट. एका 'महा'नं पातेलं बदलतं!

वाईचा: प्रसाद नाही, नैवेद्य म्हणायचं. देवाला दाखवतात तो नैवेद्य.

काकू: दाखवेपर्यंत नैवेद्य, वाटताना प्रसाद. ४० जणांना नैवेद्य कसा वाटशील? वाटीभर बाजूला काढून तो दाखवायचा.

तासगावची: आमच्या मंडळात तर शिधा गोळा करतात. तांदूळ, डाळ, गूळ. आचारी एकच, भांडण नाही.

कुपवाडकर: ताई, तिकडे प्रत्येकजण घरून करून आणणार आहे. शिधा कोण शिजवणार?

कराडकर: 'आणते'वरही माझं बोट आहे. 'करून आणते' लिहावं, नाहीतर विकतचा समजतील. काजू घातले असतील तर तेही कळवा, कुणाला चालत नाहीत. आणि 'सेवा देईन' हे मला बँकेच्या पाटीसारखं वाटतं. सेवा करतात, देत नाहीत.

वाईचा: वारीत 'सेवा देतो' म्हणतात की. मी ऐकलंय.

काकू: म्हणू देत, पण त्यातून काम कळत नाही. सतरंज्या घालायला आरतीच्या आधी माणूस लागतो, वाढपाला मध्ये, उष्टी काढायला आणि हॉल झाडायला शेवटी. सगळे 'सेवा देईन' म्हणतात आणि आरतीला टाळ्या वाजवायला हजर होतात. भाड्याचा हॉल, वेळेत रिकामा करावा लागतो. ती असं लिहू दे: "आरतीनंतरच्या प्रसादासाठी ४० जणांचा शिरा घरून करून आणते, काजू नाहीत. पंगत उठल्यावर दोन तास आवराआवरीला थांबते."

कुपवाडकर: पाठवलं. ती म्हणते, पंगत नाहीच, सगळे उभ्यानं जेवणार. मग 'पंगत उठल्यावर' लिहू की नको?

कराडकर: 'जेवणं झाल्यावर' लिहा.

तासगावची: उभ्यानं महाप्रसाद?