मदत हवी आहे: आईच्या फोनवर रिंग न वाजताच कॉल माझ्याकडे वळतो

आईचा फोन व्यस्त असेल, तिने उचलला नाही किंवा तो संपर्काबाहेर असेल, तर कॉल माझ्या नंबरवर यावा असं सेटिंग केलंय. न उचलण्यासाठी २० सेकंद ठेवलेत (५ ते ३० पर्यंत, पाचाच्या टप्प्यात ठेवता येतात). म्हणजे तिचा फोन आधी वाजायला हवा.

पण दुपारी ती मागच्या खोलीत असली की कॉल थेट माझ्याकडे येतो. तिच्या फोनवर मिस्ड कॉलसुद्धा दिसत नाही. ती तेव्हा कोणाशी बोलत नसते आणि कॉल वेटिंग चालू आहे, त्यामुळे ‘व्यस्त’ हे कारण बसत नाही. सर्वांत आधी पाहिलं ते `*#21#`. सगळेच कॉल वळवण्याची सोय बंद आहे.

माझा अंदाज असा: त्या खोलीत सिग्नल जेमतेम एक कांडी. नेटवर्कने साद घातली आणि हँडसेटने उत्तर दिलं नाही, की तो ‘संपर्काबाहेर’ धरला जातो. मग २० सेकंदांचा प्रश्नच येत नाही. हे बरोबर आहे का? खात्रीसाठी ‘संपर्काबाहेर’साठी ठेवलेला, म्हणजे `*#62#` वाला नंबर तात्पुरता दुसरा ठेवून बघू का? आणि वाय-फाय कॉलिंगने फरक पडेल का? तिच्या डॉक्टरांचे फोन असे चुकतात, म्हणून काळजी वाटते.