प्रीपेड आणि भांडवली खर्च यांत गल्लत नको

> "सबस्क्रिप्शनचे १२ लाख एकदम भरले, मग तेही कंपनीतच बनवलेल्या घरच्या सॉफ्टवेअरसारखं भांडवली का नाही?"

कारण सबस्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरवर ताबा विक्रेत्याचाच राहतो. १ ऑक्टोबरला वर्षभराचे भरले असतील तर ३१ मार्चला ६ लाख खर्चात जातात आणि उरलेले ६ लाख प्रीपेडमध्ये दिसतात, बस्स.

घरच्या सॉफ्टवेअरची खरी गोम तारखेत आहे. तांत्रिक शक्यता, पूर्ण करण्याइतका पैसा, खर्च नीट मोजता येणं अशा इंड एएस ३८ या अमूर्त मालमत्तेच्या लेखामानकातल्या सहाही अटी १ जुलैला पुऱ्या झाल्या, तर डेव्हलपरचे पगार तिथून पुढचेच भांडवली धरायचे. एप्रिल ते जूनचा खर्चात टाकलेला पगार नंतर उकरून अ‍ॅसेटमध्ये आणता येत नाही. टाइमशीट प्रोजेक्टवार नसेल तर ऑडिटर जुलैनंतरचंही अडवतो, आणि त्याचं चुकत नाही. वापरणाऱ्यांच्या ट्रेनिंगचा खर्च मात्र कधीच भांडवली होत नाही.