'डिपेंडंट ऑन'ची घोकंपट्टी बंद करा

माहुलीकर: दहावीच्या पोरांकडून 'इंटरेस्टेड इन, केपेबल ऑफ, रिस्पॉन्सिबल फॉर, डिपेंडंट ऑन' घोकून घेणं थांबवा. मराठी प्रत्यय बघायचा, त्याचं इंग्रजी टाकायचं. 'पावसावर अवलंबून', म्हणजे 'ऑन'. 'गाण्यात रस', म्हणजे 'इन'. संपला विषय.

कृष्णाकाठ: सोयीची दोनच उदाहरणं घेतलीत, मास्तर. आता 'अपघाताला जबाबदार' घ्या. 'ला' बघून पोरगं 'रिस्पॉन्सिबल टू' लिहिणार. गोची अशी की तेही इंग्रजीत आहे, फक्त ज्याच्यापुढं जाब द्यायचा त्या माणसासाठी. मिरजेच्या एमआयडीसीत नोकरीच्या अर्जात मी लिहिलं होतं, 'रिस्पॉन्सिबल टू थ्री लेथ्स'. साहेबांनी विचारलं, "लेथ मशीन तुमचे साहेब होते काय?" मॅनेजरला 'टू', मशीनला 'फॉर', हे त्या दिवशी कळलं. नोकरी गेली ती गेलीच.
आणि 'केपेबल'चं काय करणार? 'चालवू शकतो' यात प्रत्ययच नाही. मग पोरं 'एबल टू रन'च्या चालीवर 'केपेबल टू रन' लिहितात. तिथं 'ऑफ रनिंग'च लागतं.

विश्रामबागवाली: माझ्या मुलीनं 'इंटरेस्टेड टू नो द रिझल्ट' लिहिलं, तर क्लासच्या बाईंनी मार्क कापले. वर्षाची फी मात्र जूनमध्येच घेतात, तीही रोख!

कृष्णाकाठ: मुलीचं बरोबर आहे, ताई. काही कळून घ्यायचं असेल तर नो, हिअर, सी यांच्याआधी 'टू' चालतो. शिवणकामाची आवड सांगायची असेल तर 'इन टेलरिंग'. फीचं मला विचारू नका.

घाटमाथा: तो 'ऑन' तरी कुठं पक्का? 'इंडिपेंडंट' झालं की 'ऑफ', 'इंडिपेंडन्स' झालं की 'फ्रॉम'. आणि 'तिच्याशी लग्न'चं 'मॅरीड विथ' करून बघा, म्हणजे समजेल.

माहुलीकर: 'तिच्याशी' कशाला? आमच्याकडं 'तिच्याबरोबर लग्न' म्हणतात.

घाटमाथा: 'बरोबर' म्हणजे एका मांडवात दोन लग्नं. तिचं वेगळं, तुमचं वेगळं.

विश्रामबागवाली: आमच्यात 'तिच्यासंगं लगीन' म्हणतात आणि संसार चाळीस वर्षं टिकतात. पुण्याचं व्याकरण पुण्यातच ठेवा.

घाटमाथा: मी कवठेमहांकाळचा आहे. पुण्याचा कुणाला म्हणता?

विश्रामबागवाली: मग बोलता कसं असं?

माहुलीकर: पुरे! 'रिस्पॉन्सिबल' आणि 'केपेबल' एवढे दोन पाठ करायला लावतो, झालं समाधान? बाकी यादी ओढ्यात.

कृष्णाकाठ: 'सापाला भितो'. करा की इंग्रजी. 'अफ्रेड टू स्नेक'?

माहुलीकर: 'सापाची भीती' म्हणा. 'ची' म्हणजे 'ऑफ'. आलं की नाही बरोबर?

कृष्णाकाठ: उत्तर आधी माहीत होतं म्हणून 'ची' निवडलीत. पोराला कोण सांगणार कुठला साप धरायचा ते?