मदत हवी आहे: जुन्या फॉर्मवर जन्मसाल दोनच आकडी, १९ लावू की २०?

वाचनवेडी_गिरगाव: अर्जंट आहे. वाचनालयाच्या ज्येष्ठ सभासदांची यादी शुक्रवारी कमिटीला द्यायचीय, फॉर्मवरून एक्सेलमध्ये एन्ट्री झालीय पण १२/५/२४ चं २०२४ झालंय, असे ढीगभर आहेत. सरसकट १९ लावू का?

फास्ट_लोकल: एक्सेल ०० ते २९ ला २००० चं शतक धरतं, ३० च्या पुढे १९००. कंट्रोल पॅनेलच्या रीजनमध्ये ती मर्यादा बदल, विषय संपला.

जुनी_फाईल: नाही संपला. सेटिंग फक्त पुढे टाइप कराल त्याला लागू, आत गेलेली तारीख पूर्ण सालासकट सेव्ह झालेली असते. फॉर्म कुठल्या काळातले? बालविभागाचेही आहेत का?

वाचनवेडी_गिरगाव: १९८८ ते २००९. हो, मुलांचेही त्यातच. त्याने काय होतं?

मालाडचा_मन्या: माझ्या वडलांचं आधारवर १ जून आहे, शाळेत मास्तरांनी लिहिली तीच. ती बदलायला कुठे जायचं?

फास्ट_लोकल: मन्या, वेगळा धागा काढ रे.

जुनी_फाईल: ताई, सरसकट १९ लावलंत तर २००७ चा पाच वर्षांचा मुलगा १९०२ चा होईल. फॉर्म भरल्याची तारीख धरा. १९९२ च्या फॉर्मवर २४ असेल तर १९२४ च, कारण जन्माआधी कोणी सभासद होत नाही. B मध्ये जन्म, C मध्ये फॉर्मची तारीख असेल तर:

```
=IF(B2>C2,EDATE(B2,-1200),B2)
```

१२०० महिने म्हणजे शंभर वर्षं मागे. निकाल नुसता आकडा दिसला तर सेलला डेट फॉरमॅट द्या. आधी बघा, सेलच्या डावीकडे चिकटलेल्या तारखा बहुतेक टेक्स्ट असतात, त्यांच्यावर हे चुकीचं चालतं.

राहिले २००० नंतरचे फॉर्म. २००७ चा फॉर्म आणि ०२ असेल तर फॉर्म्युला गप्प बसतो, तिथे कागदच काढा. पालकाची सही असेल तर मूल. ०६ असेल तर वर्षाचं बाळ वाचनालयात येत नाही, मग बहुतेक ६६ वाचायला चुकलंय.

वाचनवेडी_गिरगाव: चाललं! पण काही फॉर्मवर भरल्याची तारीखच नाहीये.

जुनी_फाईल: पावती नंबर बघा, आजूबाजूच्या पावत्यांवरून साल कळेल.

वाचनवेडी_गिरगाव: पावतीपुस्तकं २६ जुलैच्या पाण्यात गेली. फक्त पत्ता आणि फोन आहे, तोही सात आकडीच.

जुनी_फाईल: मग काम झालं! मुंबईचे लँडलाइन २००२ मध्ये आठ आकडी झाले, पुढे २ लागला. सात आकडी म्हणजे फॉर्म त्याआधीचा, मग २४ म्हणजे १९२४ च.

फास्ट_लोकल: आमची आजी २००५ पर्यंत सातच आकडे सांगायची हां.

जुनी_फाईल: २४ ला त्याने फरक पडत नाही. ०३, ०४ वाले मात्र वेगळे काढा.

वाचनवेडी_गिरगाव: तसे दोन आहेत. एकावर व्यवसायात "निवृत्त" लिहिलंय, दुसऱ्यावर काहीच नाही.