आई-वडिलांची पोटगी: प्रांताकडे जावं की कोर्टात?

अनघा: मावशी 71 वर्षांची, साताऱ्यात एकटी राहते. राहतं घर तिच्या नावावर, उत्पन्न काहीच नाही. मुलगा पुण्यात चांगल्या नोकरीत, पण त्याने पैसे पाठवणं बंद केलंय. मुलगी लग्न होऊन नाशकात. मुलावर दावा करावा असं मला ठाम वाटतं. कुठे करायचा?

सुधीर: घर नावावर असेल तर काही मिळणार नाही. आणि मुलगी सासरी गेली, तिचा संबंध संपला. थेट कोर्टात जा.

वसुधाताई: सुधीरराव, कोर्टाचा मार्ग आहे हे खरं, पण बाकीचं चुकतंय. राहत्या घरातून औषधाचा खर्च निघत नाही, त्यामुळे केवळ घर आहे म्हणून अर्ज फेटाळायला नको. भाड्याने दिलेली खोली असती तर गोष्ट वेगळी. लग्न झालेल्या मुलीवरही जबाबदारी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्येच सांगितलंय.

मी प्रांत कार्यालयात नोकरी केली आहे. आपल्याकडे आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पोटगीसाठीच्या 2007 च्या कायद्याखालच्या न्यायाधिकरणावर प्रांतच बसतात. मावशी राहते तिथेच, साताऱ्यात अर्ज द्या. साध्या कागदावर महिन्याचा खर्च मांडा, औषधांची बिलं, पासबुक आणि मुलाच्या नोकरीचा पत्ता जोडा. एकट्या मुलावर अर्ज केला तरी चालतो, तो बहिणीला सामील करून घेऊ शकतो. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल अपेक्षित असतो. तोवर हाल होत असतील तर अंतरिम भत्ता त्याच अर्जात मागा. बरेच जण हे मागायचं विसरतात आणि तारखांवर तारखा हातात काही न येता जातात.

मात्र इथे महिन्याला कमाल 10,000 रुपयेच मिळतात. मोठं आजारपण असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे किंवा कुटुंब न्यायालयात जावं. तिथे ही मर्यादा नाही, पण वेळ जास्त लागतो. दोन्हीकडे एकदम मागता येत नाही.

रोहन: माझा विरोध आहे. बाप आईला मारायचा, आम्ही शाळेत असताना निघून गेला. आता म्हणतो, पोटगी दे. असल्या माणसासाठी मुलांनी पगार का कापून घ्यायचा?

अनघा: रोहन, तुमचं दुःख कळतं, पण मावशीने तर मुलाला शिकवलं.

वसुधाताई: रोहन, 2007 च्या कायद्यात पालकाने मुलांना सांभाळलं होतं की नाही, अशी अट लिहिलेली नाही, आणि मला ती उणीव वाटते. तुम्ही सगळं लेखी मांडा, जुनी पोलीस तक्रार असेल तर जोडा. कुणी किती वजन देईल ते सांगता येत नाही.

अनघा, आदेश झाल्यावरही मुलाने पैसे थकवले तर वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत द्या. नंतर त्या थकबाकीसाठी वॉरंट निघत नाही. वेळेत दिलात तर वॉरंट निघतं, तरीही रक्कम भरली नाही तर एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते.

सुधीर: मुलाला तुरुंगात टाकून आईला काय मिळणार?

अनघा: औषधाचे पैसे. मावशीला तेवढेच हवेत.