अनुभव धागा: ग्रुपमधला दुसऱ्याचा फोटो, दुसऱ्याचा आवाज सेव्ह करताना आणि पुढे पाठवताना

धागा काढायचं कारण गेल्या आठवड्यात एका नातलगांकडे घडलं. कोल्हापुरात ताराबाई पार्कात डोहाळजेवण होतं. नातेवाइकांच्या ४८ जणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर झोपाळ्यावरचा एक फोटो आला, आणि मावशींनी म्हटलेलं डोहाळ्याचं गाणं, पाऊण मिनिटाचं. एका भाचीनं दोन्ही सेव्ह करून स्टेटसला ठेवलं. तिथून ते अपार्टमेंटच्या ग्रुपवर गेलं. जिचं डोहाळजेवण होतं तिनं ऑफिसात अजून सांगितलेलं नव्हतं. आता मागे घ्यायचं तर नेमकं काय काय करावं लागतं, आणि मुळात कुणाला विचारायला हवं होतं? ज्यांना यातलं कळतं त्यांनी नीट, पायरीनं लिहावं.

शाहूपुरी, मोबाइल दुरुस्ती

आधी प्रती मोजा, मग मागे घ्या. डोहाळजेवणाच्या फोटोची एक प्रत ग्रुपमध्ये आहे. ज्यांच्या फोनमध्ये आपोआप डाउनलोड चालू आहे त्यांच्या गॅलरीत एकेक. गॅलरीचा बॅकअप गूगल फोटोजला जात असेल तर तिथं आणखी एकेक. मग भाचीचं स्टेटस, आणि अपार्टमेंटच्या ग्रुपची प्रत.

'Delete for everyone' प्रत्येकाला फक्त आपल्या मेसेजवर चालतं. ग्रुप अॅडमिनला त्याच्या ग्रुपमधला दुसऱ्याचा मेसेजही काढता येतो. म्हणून नातेवाइकांच्या ग्रुपमधला मूळ फोटो काढला तरी अपार्टमेंटमध्ये गेलेला तसाच राहतो. तो पाठवणाऱ्यानं किंवा तिथल्या अॅडमिननंच काढावा लागतो. पाठवणाऱ्याला मुदत साधारण अडीच दिवसांची आहे, त्यामुळे मूळ काढायच्या आधी पुढे पाठवणाऱ्याला फोन करा. स्टेटस भाचीनं स्वतः काढायचं. चोवीस तासांनी ते आपोआप जातं, पण तोवर बघणाऱ्यांनी स्क्रीनशॉट घेतलेले असू शकतात.

शेवटी गॅलरी. गूगल फोटोजमध्ये डिलीट केलेला, बॅकअप झालेला फोटो ६० दिवस बिनमध्ये राहतो. बिन रिकामी करायला सांगायचं राहूनच जातं.

रंकाळा परिसर

एवढा खटाटोप कशाला? मुळात पाठवणाऱ्यानं अडीच दिवसांच्या आत 'Delete for everyone' केलं की सगळ्यांच्या गॅलरीतूनही जातं की. मी दहा वेळा बघितलंय.

शाहूपुरी, मोबाइल दुरुस्ती

अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅपच्या स्वतःच्या फोल्डरमधून बहुधा जातं, तेवढं तुमचं बरोबर. पण कुणी तो दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी केला असेल किंवा बॅकअप झाला असेल तर नाही जात. आयफोनवर 'Save to Photos' चालू असेल तर फोटो तसाच राहतो. ज्या फोनमध्ये राहिला, त्याचा पत्ता पाठवणाऱ्याला लागत नाही, म्हणून सगळीकडून गेला असं वाटतं.

मंगळवार पेठ, लग्न आणि समारंभांचे फोटो

दोन गोष्टी सांगतो. फोटो थेट सेव्ह करून नव्यानं अपलोड केला की 'Forwarded' हा शिक्का जातो, आणि कॅप्शनही जाते. डोहाळजेवणाचा फोटो अपार्टमेंटमध्ये असा गेला असेल तर वाचणाऱ्याला वाटतं, पाठवणाऱ्यानंच काढला, घरच्यांची हरकत नसणार. फॉरवर्ड निदान पुढे ढकललेलं आहे असं दाखवतं. म्हणून परवानगी मिळाली तरी 'घरच्यांना विचारून पाठवतोय' ही ओळ स्वतः लिहावी लागते.

दुसरं, फोटो 'फोटो' म्हणून पाठवला तर व्हॉट्सअॅप तो दाबतं आणि त्यातली जागेची माहिती काढून टाकतं. 'Document' म्हणून पाठवला तर मूळ फाइल जाते, आणि कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर घराचा पत्ता आतच राहतो. चांगल्या क्वालिटीसाठी म्हणून लोक असं पाठवाय लागलेत. पाठवायच्या आधी फोटोची माहिती उघडून नकाशा दिसतो का ते बघा.

राजारामपुरी

पैसे देऊन फोटोग्राफर लावला तर फोटो आपलेच ना? मग कुणाला विचारायचं?

मंगळवार पेठ, लग्न आणि समारंभांचे फोटो

कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणं, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक ग्राहकच. पण ती मालकी फोटोग्राफर आणि ग्राहक यांच्यातली. पंगतीत बसलेल्या पाहुण्यांची, झोपाळ्यावरच्या पोरीची संमती त्यात येत नाही. मी ऑर्डर घेताना पावतीवरच विचारतो की माझ्या पेजवर काही टाकू का, आणि 'नको' लिहिलं तर एकही टाकत नाही. मालक कोण आणि विचारायचं कुणाला, हे दोन प्रश्न वेगळे आहेत.

उद्यमनगर

भावांनो, माझा प्रश्न जरा वेगळा. ग्रुपमधनं आलेले फोटो गॅलरीत दिसंनात, फोन तर भरत चाललाय. सेव्ह व्हत न्हाईत काय?

शाहूपुरी, मोबाइल दुरुस्ती

सेव्ह होतात, दिसत नाहीत. ग्रुपच्या माहितीत 'Media visibility' बंद असेल. फाइल फोल्डरमध्ये राहते, गॅलरीत दिसत नाही. पण या धाग्याच्या दृष्टीनं तुमचीच सेटिंग बरी. नातेवाइकांच्या ग्रुपला ती बंद ठेवली तर पोराबाळांनी गॅलरी चाळताना दुसऱ्याचा फोटो चुकून पुढे ढकलला जात नाही. मात्र ती नव्या फोटोंनाच लागू होते, आधीचे गॅलरीतच राहतात.

गंगावेस, भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग सांभाळणारी

सगळे फोटोवरच बोलताय, मला आवाजाबद्दल सांगायचंय. मावशींनी ते गाणं घरातल्या बायकांसमोर, डोहाळ्याच्या झोपाळ्यापाशी म्हटलं. अपार्टमेंटमध्ये ते ऐकणाऱ्याला फक्त थरथरता आवाज आणि मागं भांड्यांचा खडखडाट ऐकू येतो. कोण गातंय, कुणासाठी, काहीच नाही.

ऑडिओला फोटोसारखी कॅप्शन नसते. सोबत लिहिलेला मेसेज वेगळा पडतो आणि पुढच्या फॉरवर्डमध्ये मागं राहतो. म्हणून आमच्याकडे रेकॉर्डिंग सुरू झालं की पहिल्या पाच सेकंदांत बोलून घेतो: 'अमुक मावशी, डोहाळ्याचं गाणं, फक्त मंडळासाठी.' ते वाक्य आवाजातच असल्यामुळं फाइल कुठंही गेली तरी सोबत जातं. कापून टाकणाऱ्याला कापता येतं, पण मग त्यानं मुद्दाम कापलं हे स्पष्ट असतं. View once चं व्हॉइस नोटही चालतं, एकदा ऐकलं की गेलं. पण दुसऱ्या फोननं रेकॉर्ड करणाऱ्याला ते थांबवत नाही.

आणि विचारताना ग्रुपवर विचारू नका. तिथं सगळ्यांसमोर नाही म्हणणं जड जातं, आणि दुसऱ्या कुणीतरी टाकलेला अंगठा मावशींचा होकार म्हणून धरला जातो. मावशींना खासगीत असं लिहा: 'मावशी, तुमचं गाणं सेव्ह केलंय. आईच्या महिला मंडळाला पाठवू का? नको असेल तर नको म्हणा, माझ्यापाशीच राहील.' जागेचं नाव घ्या. नुसतं 'पुढं पाठवू का' म्हटलं तर त्या एका बाईला पाठवायचंय असं समजतात.

राजारामपुरी

आणि जिचं डोहाळजेवण होतं तिला कोण विचारणार? गाणं मावशींचं, बातमी तिची.

गंगावेस, भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग सांभाळणारी

दोघींना. गाण्यात तिचं नाव येत असेल तर मावशींचा होकार पुरत नाही.

रंकाळा परिसर

मग जोतिबाच्या यात्रेत, मिरवणुकीत काढलेल्या व्हिडिओत मागं शंभर चेहरे असतात, त्यांना कुठं विचारायचं?

मंगळवार पेठ, लग्न आणि समारंभांचे फोटो

गर्दीचा फोटो आणि गर्दीतल्या एका चेहऱ्यावर झूम केलेला फोटो, मी तिथं रेघ ओढतो. पण एखादी बाई अंगात आल्यावर, केस मोकळे सोडून असेल, तर ती गर्दीतही एकटीच दिसते. अशा फोटोबद्दल आमच्यातही एकमत नाही.